एल्डन रिंग: रोल वेळेवर मारूनही मार्गिटचा फटका का बसतो? आय-फ्रेम आणि लॉक-ऑनबद्दल

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, एल्डन रिंग उशिराच हातात घेतला आहे. सध्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातल्या मार्गिटपाशी अडकलोय. व्हॅगाबाँड क्लास, PC, कंट्रोलर, पूर्ण वेळ लॉक-ऑन.

अडचण नेमकी सांगतो. मार्गिट दोन्ही हातांनी काठी डोक्यावर उचलतो. मी लगेच मागे रोल मारतो. रोल व्यवस्थित निघतो, कॅरॅक्टर जमिनीवर लोळताना दिसतं, आणि तरी काठी बसते. काही वेळा तर असं वाटतं की रोलमधून उठतानाच मला टिपलंय. सगळीकडे वाचतो की रोलमध्ये आय-फ्रेम असतात, तेवढा वेळ काहीच लागत नाही. मग हे काय होतंय?

दोन प्रश्न आहेत. आय-फ्रेम रोलच्या नेमक्या कुठल्या भागात असतात? आणि लॉक-ऑन लावून लढणं या बॉसला बरं की काढून?

---

विजय_सांगली

वजन कमी करा. व्हॅगाबाँडचं चिलखत जड असतं. वजन उतरवलं की आय-फ्रेम वाढतात, साधा हिशोब आहे. मी या सिरीजचे सगळे गेम हलक्या बिल्डनेच खेळलोय. छातीवरचं आणि हेल्मेट काढून बघा, फरक लगेच कळेल.

---

चहा_बिस्किट

फ्रेमचाच प्रॉब्लेम असेल तर आधी ग्राफिक्स मीडियमवर आणा. माझ्या लॅपटॉपवर लिमग्रेव्हमध्ये फ्रेम 40 पर्यंत पडायच्या. शॅडो आणि गवत कमी केलं तेव्हा कुठे खेळता यायला लागलं.

---

अनघा_के

@चहा_बिस्किट, इथे त्या फ्रेमबद्दल चाललेलं नाही. आय-फ्रेम म्हणजे रोलमधला तो काळ, ज्यात गेम तुमच्या अंगाला लागलेला फटका मोजतच नाही. तरी तुमचा सल्ला वाया नाही. चित्र अडखळत असेल तर समोरच्याची हालचालच उशिरा दिसते.

@विजय_सांगली, तुमचं म्हणणं अर्धं लागू पडतं. एल्डन रिंगमध्ये वजन 30 टक्क्यांखाली असेल तर लाइट रोल, 70 पर्यंत मीडियम आणि त्याच्या वर हेवी. लाइट आणि मीडियममध्ये आय-फ्रेम सारख्याच आहेत. लाइटला फक्त अंतर जास्त कापलं जातं. 70 ओलांडलं तर मात्र खरंच नुकसान आहे, कारण हेवी रोलनंतर सावरायला फार वेळ जातो. म्हणजे रात्रपाळींनी आधी स्टेटस स्क्रीनवर मीडियम लोड लिहून येतंय का ते बघावं. येत असेल तर चिलखत अंगावरच राहू द्या, मार्गिटसमोर त्याची गरज आहे.

आता मूळ प्रश्न. एल्डन रिंगच्या मीडियम रोलमध्ये 13 आय-फ्रेम धरतात. हा आकडा सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशोबाने आहे, त्यामुळे वेळेत तो सुमारे 0.43 सेकंद होतो. तुमचा गेम 60 वर चालत असेल तर त्याच काळात स्क्रीनवर 26 फ्रेम जातात. आणि ही 0.43 सेकंदं रोलच्या मध्यावर किंवा शेवटी नसतात, अगदी सुरुवातीला असतात. रोल सुरू झाला की लगेच संरक्षण चालू, आणि कॅरॅक्टर लोळून उठायला लागतं तोवर ते संपलेलं असतं. उठण्याचा सगळा भाग उघडा. त्या भागात तुम्ही नवा रोलही लगेच मारू शकत नाही.

मार्गिटची ती काठी याच उघड्या भागावर बेतलेली आहे. उचलताना तो घाईने उचलतो, मग वर धरून थांबतो, आणि खाली आणताना पुन्हा झटक्यात आणतो. उचललेलं बघून जो रोल मारेल त्याची 0.43 सेकंदं काठी अजून हवेत असतानाच खर्च होतात. "उठतानाच टिपलंय" असं तुम्ही जे लिहिलंय, ते मला शब्दशः खरं वाटतं.

तपासायचं असेल तर एक करा. तुमची लढत 60 फ्रेमवर रेकॉर्ड करा आणि ज्या फटक्याने मार बसला तो एक-एक फ्रेम पुढे सरकवून बघा. कॅरॅक्टर रोलसाठी झुकायला लागतं ती फ्रेम 1 धरा आणि मार कितव्या फ्रेमला लागतो ते मोजा. 26 च्या पुढे लागला तर तुम्ही लवकर दाबताय. रोल सुरूच झालेला नसताना लागला तर उशीर होतोय. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून अंदाजाने काही बदलू नका.

---

चहा_बिस्किट

म्हणजे 60 वर खेळलं तर आय-फ्रेम अर्ध्या होत नाहीत ना? 13 फ्रेम म्हणजे 60 वर 0.22 सेकंद असं मला वाटलं होतं.

---

अनघा_के

नाही होत. रोलचं ॲनिमेशन वेळेला बांधलेलं आहे आणि आय-फ्रेम त्या ॲनिमेशनच्या एका तुकड्याला. पण शंका चांगली आहे. डार्क सोल्स 2 च्या PC आवृत्तीत शस्त्रांची झीज फ्रेमला बांधलेली होती, आणि 60 वर खेळणाऱ्यांची हत्यारं दुप्पट वेगाने झिजायची. नंतर ते दुरुस्त केलं. रोलच्या बाबतीत तसं काही नाही.

---

विजय_सांगली

अनघाताई, डार्क सोल्स 2 मध्ये हलका रोल जास्त वाचवतो हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

---

अनघा_के

विजय, 2 मध्ये तर वजनाचा संबंध आणखी कमी होता. तिथे आय-फ्रेम ॲजिलिटीवर ठरायच्या आणि ॲजिलिटी वाढायची अडॅप्टॅबिलिटी आणि ॲट्यूनमेंटने. 70 टक्क्यांच्या आत वजन कमी केलं तर रोल लांब जायचा, एवढंच. लांब रोलमुळे फटक्याच्या टप्प्याबाहेर पडता येतं, म्हणून तुम्हाला वाचल्यासारखं वाटणार. तो फायदा खराच आहे, फक्त आय-फ्रेममुळे नाही, अंतरामुळे आहे. एल्डन रिंगमध्ये आय-फ्रेम खरोखर वाढवायच्या असतील तर क्रूसिबल फेदर टॅलिस्मन आहे, पण तो घातला की अंगावर येणारा मारही वाढतो.

---

ऑकलंडची_मुक्ता

मी मॉन्स्टर हंटर वर्ल्डवरून आलेय, तिथे इव्हेड विंडो नावाचं स्किलच आहे, लेव्हल वाढवत गेलं की हा काळ वाढत जातो. तिकडची सवय सांगते: लांबून उडी मारत पळायचं नाही, रथालोसच्या शेपटीतून आरपार जायचं. एल्डन रिंगमध्ये आल्यावर मला मार्गिट जड गेला नाही तो या सवयीमुळे. रात्रपाळी, तुम्ही *मागे* रोल मारताय हीच मला गडबड वाटते.

---

रात्रपाळी

मोजलं. लोड मीडियमच आहे. काल रात्रीच्या रेकॉर्डिंगमधले तीन फटके बघितले.

पहिला, काठी डोक्यावरून: रोल सुरू झाल्यापासून 34 व्या फ्रेमला मार. दुसरा, तोच फटका: 31. तिसरा मात्र वेगळा आहे. तो आडवा फटका होता, मी मागे रोल मारला आणि मार 28 व्या फ्रेमला लागलाय. पण नीट बघितलं तर काठी माझ्या अंगापर्यंत 20 व्या फ्रेमच्या आसपासच पोचलेली दिसते. म्हणजे ती पोचली तेव्हा आय-फ्रेम चालू होत्या. मग लागली कशी?

---

अनघा_के

हे फार उपयोगी मोजलंत.

पहिले दोन सरळ आहेत. 34 म्हणजे संरक्षण संपून 8 फ्रेम झाल्या होत्या, साधारण 0.13 सेकंद. तेवढंच उशिरा दाबलं असतं तरी तो फटका जेमतेम शेवटच्या फ्रेमला चुकला असता. मी 0.3 सेकंद तरी उशिरा दाबा म्हणेन, म्हणजे काठी अंगावरून जाताना तुम्ही खिडकीच्या मधोमध असाल. काठी *वर जाताना* बघून दाबूच नका. वर थांबलेली काठी ज्या क्षणी खाली यायला हलते, तो तुमचा इशारा. खाली येताना तिचा वेग बघून भीती वाटते, पण 0.43 सेकंदांची खिडकी तिला पुरून उरते.

तिसरा फटका जास्त महत्त्वाचा आहे आणि मुक्ताने त्याचंच उत्तर दिलंय. आय-फ्रेम फटका रद्द करत नाहीत. त्या फक्त तेवढा वेळ तुम्हाला मोजणीतून वगळतात. खिडकी संपली तेव्हा काठीचा मार लागू असलेला भाग तुमच्या अंगावर असेल, तर त्याच फ्रेमला मार बसतो. काठी 20 ला पोचली, तुमची खिडकी 26 ला संपली, आणि 28 ला ती अजून तुमच्या जवळच होती. जवळ का होती? तुम्ही मागे चालला होता आणि काठीचं टोकही त्याच बाजूला फिरत येत होतं. वाहत्या पाण्याबरोबर पोहल्यासारखं ते, दोघं एकाच दिशेने, म्हणून एकमेकांपासून सुटायला वेळ लागतो. तोच रोल काठी जिकडून येतेय तिकडे, मार्गिटच्या अंगाजवळून तिरका पुढे मारला असता तर काठी आणि तुम्ही एकमेकांना समोरासमोर ओलांडलं असतं. मग ती तुमच्या अंगावर काही फ्रेमच राहते आणि खिडकी संपायच्या आत पलीकडे निघून जाते. शिवाय उठता तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीशी असता, दोन फटके मारायला मोकळे. मागे रोल मारून यशस्वी झालात तरी पुन्हा अंतर कापत यावं लागतं, आणि दूर गेलेल्या माणसावर तो सोन्याचा खंजीर फेकतो.

---

पाषाण

अनघांनी आय-फ्रेमचं सांगितलं, मी लॉक-ऑनचं सांगतो, कारण तिरका पुढे रोल मारणं नीट जमतं ते लॉक-ऑनमुळे.

लॉक लावलं की कॅमेरा शत्रूकडे वळतो आणि स्टिकच्या दिशांचा अर्थ त्याच्यापासून मोजला जातो. वर म्हणजे त्याच्याकडे, खाली म्हणजे त्याच्यापासून दूर, बाजूला म्हणजे त्याच्याभोवती. मार्गिट कितीही फिरला तरी "त्याच्या उजव्या हाताखालून" ही दिशा अंगठ्यासाठी तीच राहते. लॉक काढलंत तर दिशा कॅमेऱ्यापासून मोजली जाते, आणि कॅमेरा तुम्ही स्वतः फिरवायचा. तोच अंगठा रोलच्या बटणासाठी लागतो, त्यामुळे घाईत एकतर कॅमेरा नाहीतर रोल. तुमचे फटकेही लॉक असताना शत्रूकडे वळून पडतात, नसताना स्टिक दाखवेल तिकडे.

पण लॉक हालचालच बदलू शकतं, आणि ते गेमागणिक वेगळं आहे. 2011 च्या डार्क सोल्समध्ये लॉक लावलेलं असताना रोल चारच दिशांना जायचा. तिरका मारायचा तर लॉक सोडावं लागायचं. ब्लडबोर्नमध्ये लॉक असताना त्याच बटणावर छोटी चपळ उडी निघते आणि लॉक नसताना पूर्ण लोळण. 2009 च्या डीमन्स सोल्समध्येही चार दिशा होत्या, 2020 च्या रीमेकमध्ये सगळ्या दिशा दिल्या. एल्डन रिंगमध्ये लॉक असतानाही तिरका रोल जातो. म्हणून जुन्या डार्क सोल्सवाल्यांचा "लॉक काढून लढ" हा सल्ला इथे जसाच्या तसा घेऊ नका, त्याचं मूळ कारणच इथे नाही.

---

ऑकलंडची_मुक्ता

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. मॉन्स्टर हंटरमध्ये मी टार्गेट कॅमेरा बंदच ठेवते आणि एल्डन रिंगही बराचसा तसाच खेळले. लॉकमुळे नजर एका जागी चिकटते. गेटफ्रंटच्या पडक्या छावणीत एका सैनिकाला लॉक करून बघा: दुसरा कॅमेऱ्याच्या मागून येतो आणि तो दिसतच नाही. आय-फ्रेम चांगल्या वापरायच्या तर फटका दिसायला तर हवा.

---

पाषाण

गर्दीत मान्य. एकट्या मार्गिटसमोर तुमचं मत मला पटत नाही. दुसऱ्या टप्प्यात तो सोन्याचा हातोडा घेऊन उडी मारतो, तेव्हा लॉक नसेल तर तो कुठे उतरतोय हे शोधण्यातच खिडकीची वेळ निघून जाते.

---

ऑकलंडची_मुक्ता

मला उलट तेव्हाच लॉक नसणं बरं पडतं. तो उडाला की लॉकचा कॅमेरा वर झुकतो आणि माझ्या पायाखालची जमीन दिसेनाशी होते. मी त्याची सावली बघून रोल मारते.

---

मीनल_डोंबिवली

कीबोर्डवर खेळणाऱ्यांसाठी एक भर. स्पेस दाबला की रोल लगेच निघत नाही, *सोडल्यावर* निघतो, कारण दाबून धरलं तर तेच बटण पळण्याचं आहे. गेम वाट बघतो की तुम्हाला रोल हवाय की पळायचंय. कंट्रोलरवरही तसंच. मी घाबरले की स्पेस घट्ट दाबून ठेवायचे, आणि मला वाटायचं गेम उशीर करतोय. आता टिचकी मारून लगेच सोडते.

दुसरं, दिशेचं बटण दाबलेलं नसेल तर रोलऐवजी मागे छोटी उडी निघते. तिला आय-फ्रेम नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये कॅरॅक्टर लोळत नसेल, नुसतं मागे सरकत असेल, तर समजा की बोट दिशेवरून सुटलं होतं.

---

अनघा_के

@मीनल_डोंबिवली, हे दोन्ही मी लिहायलाच हवे होते इतके महत्त्वाचे आहेत. यात तिसरं जोडते. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याची प्रक्रिया चालू असलेल्या टीव्हीवर सगळंच थोडं उशिरा दिसतं आणि काठी खाली यायला लागलेली तुम्हाला कळते तेव्हा ती गेममध्ये पुढे गेलेली असते. रेकॉर्डिंगमध्ये हा उशीर दिसणार नाही, कारण रेकॉर्डिंग टीव्हीच्या आधी होतं. रेकॉर्डिंगमध्ये सतत "रोल सुरूच नाही झाला" असं दिसत असेल आणि तुमची खात्री असेल की बघताक्षणी दाबलं, तर टीव्हीवर संशय घ्या.

---

विजय_सांगली

मग मलेनियाचा तो हवेतला नाच कसा चुकवायचा? तिथे कितीही अचूक रोल मारला तरी मार बसतोच.

---

अनघा_के

कारण तो एक फटका नाही, वारांचे झोत आहेत आणि एकेक झोत 0.43 सेकंदांपेक्षा बराच लांबतो. अशा वेळी एका रोलने काम होत नाही. म्हणून खेळणारे पहिल्या झोताच्या आधीच पळून अंतर घेतात आणि पुढच्या झोतांत तिच्या दिशेने, तिच्याखालून रोल मारतात, म्हणजे वारांच्या गोळ्यात राहण्याचा काळ कमी होतो. ड्रॅगनची आग तशीच. खिडकीपेक्षा लांब चालणाऱ्या कुठल्याही माऱ्याला रोल हे उत्तर नाही, पाय हे उत्तर आहे. विषाच्या किंवा स्कार्लेट रॉटच्या डबक्यातही लोळून उपयोग नाही.

---

चहा_बिस्किट

मी ऑनलाइन द्वंद्वात हे करून बघितलं. रोलच्या ऐन मध्यावर मला तलवार लागली. आय-फ्रेम तिथे चालत नाहीत का?

---

पाषाण

चालतात, पण तिथे दोघांच्या स्क्रीनवर एकच क्षण नसतो. तुमच्याकडे रोल सुरू झालाय आणि समोरच्याकडे तुम्ही अजून उभे आहात असं होतं. परदेशातला खेळाडू असेल तर फरक आणखी जाणवतो. बॉसविरुद्ध मोजलेल्या फ्रेमचा हिशोब तिथे लावू नका.

---

रात्रपाळी

आज मार्गिट पडला. काठी *खाली हलली* की टिचकी, आणि रोल त्याच्या काखेतून. लॉक-ऑन लावूनच लढलो. हातोड्याच्या उडीला मात्र मुक्ता म्हणतात तसं झालं, कॅमेरा वर गेला आणि मला जमीन दिसेना. तेवढ्यापुरता लॉक सोडला, तो उतरल्यावर पुन्हा लावला.

आता वाटेत राहिलेला अघील ड्रॅगन घ्यायचा विचार आहे. लॉक केलं की कॅमेरा त्याच्या डोक्याला चिकटतो आणि मी पायाशी असताना आकाशच दिसतं. टॉरेंटवर बसून मारायचा तर रोलच नाही.

---

पाषाण

अघीलला लॉक काढूनच. लॉकचा बिंदू डोक्यावर असतो आणि तुम्ही मारताय पाय, तेव्हा कॅमेरा आणि हत्यार दोन वेगळ्या गोष्टींकडे बघत असतात. टॉरेंटवरून आगीच्या आडवं पळत पायापर्यंत जा, दोन-तीन वार, तो पंख उघडायला लागला की बाहेर. डोकं खाली आलं की तेवढ्यापुरतं लॉक लावा, डोक्यावर मार जास्त बसतो.

---

ऑकलंडची_मुक्ता

मी अघीलला टॉरेंटवरून उतरूनच मारला. पायाखाली पाय आपटतो त्याला रोल पुरतो, तो एकच फटका असतो. घोड्यावर असताना मला तो आपटलेला पाय कधीच चुकवता आला नाही.

---

मीनल_डोंबिवली

मुक्ता, उतरल्यावर आग आली तर? त्याला तुम्ही पळून वेळेत बाहेर पडता का? मी दरवेळी तिथेच अडकते.